नवजात बाळाचे फोटोशूट: कॅप्शनमध्ये काय असावे आणि काय वाचावे

नवजात बाळांचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओची पहिली ओळख आता दारावरच्या पाटीवरून होत नाही, इन्स्टाग्रामवरच्या फोटोखाली लिहिलेल्या कॅप्शनवरून होते. फोटोत टोपलीत झोपलेले बाळ, अंगाभोवती मऊ दुपटे, डोक्यावर इवलीशी टोपी. खाली बहुतेक वेळा दोन-चार लाल बदाम, ‘तुमच्या चिमुकल्याचे अनमोल क्षण’ असे काहीतरी आणि शेवटी ‘किमतीसाठी मेसेज करा’. हे वाचणारी व्यक्ती बहुधा सातव्या-आठव्या महिन्यातली गर्भवती असते, नाहीतर तिची बहीण, नणंद किंवा नवरा. त्यांना हवे असते ते वेगळेच: पैसे किती आणि त्यात काय मिळणार, बाळाला काही अपाय तर होणार नाही ना, आणि बाळ कधी जन्मेल हेच ठाऊक नसताना तारीख कशी ठरवायची. या तिन्हींची उत्तरे देणारी कॅप्शन जाहिरात म्हणून चांगली ठरतेच, शिवाय पालकांना स्टुडिओ पारखायचे साधनही देते.

इन्स्टाग्रामवर एका कॅप्शनला २,२०० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते, त्यामुळे मराठीत ही जागा साधारण तीनशे शब्दांतच संपते. तेवढी पुरेशी आहे. खरी अडचण अशी की ‘आणखी’वर बोट ठेवेपर्यंत वाचकाला सुरुवातीच्या जेमतेम दोन ओळी दिसतात. म्हणून त्या दोन ओळी भावनेवर खर्च करणे परवडत नाही. बाळ किती दिवसांचे असावे, स्टुडिओ कुठे आहे आणि किंमत कितीपासून सुरू होते, एवढे तिथेच यायला हवे. फोटो गोंडस आहे हे वाचकाला दिसतेच. ते पुन्हा सांगायची गरज नसते.

बाळाच्या वयाचा उल्लेख पहिल्या ओळीत का, याला कारण आहे. या प्रकारच्या फोटोंसाठी जन्मानंतरचे पाच ते चौदा दिवस सोयीचे मानले जातात. त्या काळात बाळ बराच वेळ गाढ झोपते आणि पोटात असताना जसे हातपाय दुमडून असायचे तसेच आपोआप मुटकुळे करून राहते. पहिल्या चार-पाच दिवसांत आईचे दूध नीट उतरायचे असते, बाळाचे वजन थोडे घटलेले असते आणि कावीळ तपासायची असते, म्हणून त्याआधी घाई करण्यात अर्थ नाही. दोन आठवड्यांनंतर बाळ अधिक वेळ जागे राहू लागते, हातपाय ताणते, पोटदुखीने रडते, आणि काही बाळांच्या गालांवर बारीक पुरळही येते. फोटो तेव्हाही चांगले निघतात, पण वेगळे: उघडे डोळे, दुपट्यात गुंडाळलेले अंग, आजीच्या मांडीवरचे बाळ.

महाराष्ट्रात या वेळापत्रकाची गाठ घरच्या रिवाजांशी पडते. बाराव्या दिवशी बारसे, सव्वा महिना बाळ-बाळंतिणीने घराबाहेर न पडणे, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणे या तिन्ही गोष्टी त्याच पंधरवड्याच्या आसपास येतात. सासर पुण्यात आणि माहेर साताऱ्यात असेल तर पुण्यातल्या स्टुडिओची तारीख घेऊन उपयोग नाही. म्हणून ‘घरी येऊन फोटो काढतो, अमुक किलोमीटरपर्यंत’ ही ओळ इथल्या कॅप्शनमध्ये फार कामाची असते. याउलट ‘चौदा दिवसांनंतर ही संधी पुन्हा नाही’ अशी भीती घालणारी ओळ टाळलेलीच बरी. सव्वा महिना पाळणाऱ्या घराला ती नुसती खिजवते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाबाबत तर दिवस मोजण्याचा हिशोबच निराळा असतो. ते बाळ दवाखान्यातून घरी आल्यावर, वजन वाढू लागल्यावर आणि बालरोगतज्ज्ञांनी होकार दिल्यावरच विचार करावा, मग ते जन्मापासून सात आठवड्यांचे असले तरी चालते.

आता पॅकेज. यात फसगत होते ती बहुधा ‘सेटअप’ किंवा ‘थीम’ या शब्दापाशी. सेटअप म्हणजे एक पार्श्वभूमी, एक आधार आणि एक वेश: टोपली आणि दुपटे हा एक सेटअप, बीनबॅगवर पालथे झोपलेले बाळ हा दुसरा, पैठणीचा तुकडा आणि मोरपीस असा बाळकृष्ण हा तिसरा. ‘दोन तासांत आठ थीम’ असे वाचले की भरपूर काही मिळते आहे असे वाटते. पण थोडा हिशोब केला की खरी गोष्ट कळते.

उदाहरणादाखल पुण्यातल्या एखाद्या छोट्या स्टुडिओचे तीन तासांचे, तीन सेटअपचे पॅकेज घेऊ. बाळ आल्यावर हात धुणे, कपडे काढणे, दूध पाजणे, ढेकर काढणे आणि बाळ गाढ झोपेपर्यंत थांबणे यात चाळीस मिनिटे सहज जातात. प्रत्येक सेटअपला बाळ ठेवणे, दचकून उठले तर पुन्हा थोपटणे, मग प्रत्यक्ष फोटो, असे धरून पंचवीस मिनिटे, तिघांची पंचाहत्तर. मध्ये एकदा पुन्हा दूध आणि लंगोट बदलणे, तीस मिनिटे. आई-बाबांबरोबरचे फोटो, वीस मिनिटे. बेरीज झाली एकशे पासष्ट. तीन तासांतली पंधराच मिनिटे उरली, आणि ती बाळाच्या शी-शूसाठी लागतातच. हाच हिशोब आठ थीमना लावला तर केवळ बाळ ठेवून फोटो काढायलाच दोनशे मिनिटे हवीत. ती दोन तासांत बसवायची तर दूध पाजण्याचा वेळ कापला जातो, किंवा अर्धवट झोपेतल्या बाळाला टोपलीतून टोपलीत हलवले जाते. कमी सेटअप देणारे पॅकेज कंजूष नसते. बहुधा तेच प्रामाणिक असते. कॅप्शनमध्येही ‘तीन सेटअप, बाळ शांत असेल तर चौथा’ असे लिहिण्यात शहाणपण आहे, कारण ठरलेली संख्या गाठण्याचे ओझे मग फोटोग्राफरवरही राहत नाही.

पॅकेजमध्ये दुसरी मोजण्यासारखी गोष्ट म्हणजे संपादित फोटोंची संख्या. कॅमेऱ्यातून दोन-तीनशे फोटो निघतात, हातात येतात ते निवडून दुरुस्त केलेले दहा-पंधरा. या दुरुस्तीत सोललेली त्वचा, नाकावरचे पांढरे ठिपके, हातांचा लालसरपणा, काविळीची पिवळट झाक हे सारे सौम्य केले जाते. जन्मखूण पुसायची की नाही हे मात्र पालकांना विचारायला हवे. किती फोटो मिळणार, कोण निवडणार, किती दिवसांत मिळणार आणि जास्तीचा फोटो हवा असल्यास काय दर, ही माहिती दोन वाक्यांत मावते.

किंमत लपवण्याची सवय या व्यवसायात इतकी मुरली आहे की किंमत लिहिणारा स्टुडिओच वेगळा उठून दिसतो. वरच्या उदाहरणातल्या पॅकेजची किंमत १२,००० रुपये धरली आणि स्टुडिओची जीएसटी नोंदणी असली, तर छायाचित्रण सेवेवरच्या १८ टक्के करामुळे २,१६० रुपये वाढून बिल १४,१६० होते. ‘कर वेगळा’ हे दोन शब्द कॅप्शनमध्ये नसतील तर शेवटच्या दिवशी वाद ठरलेला. अल्बम, छापील फोटो, मोठ्या भावंडाचा समावेश, घरी येण्याचा प्रवासखर्च हेही किमतीत आहेत की बाहेर, ते स्पष्ट हवे.

सुरक्षिततेचा विषय काढताना सुरुवात खुद्द फोटोपासूनच करावी लागते, कारण या क्षेत्रातले काही सर्वांत लोकप्रिय फोटो एका क्लिकमध्ये काढलेले नसतात. कोपरे टेकवून, हनुवटी दोन्ही तळहातांवर ठेवून बसलेले बाळ सर्वांनी पाहिलेले असते. फोटोग्राफर त्याला ‘फ्रॉगी पोझ’ म्हणतात. नवजात बाळाला स्वतःची मान सावरता येत नाही. त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते. ते डोके मनगटांवर तोलून बाळ बसेल हे शक्यच नाही. प्रत्यक्षात एका फोटोत मदतनीस वरून डोके धरतो, दुसऱ्यात हात खाली आणून मनगटे धरतो, आणि नंतर संगणकावर दोन्ही फोटो जोडून मदतनिसाची बोटे पुसली जातात. झोळीत किंवा फांदीवर लटकलेल्या बाळाचे फोटोही असेच बनवतात: बाळ गादीवर किंवा हातभर उंचीवर कुणाच्या आधाराने असते, झोळी आणि फांदी नंतर येतात.

ही गोष्ट कॅप्शनमध्ये लिहिली जात नाही आणि तिथेच धोका आहे. फोटो पाहून एखादा हौशी मामा घरी मोबाइलवर तसाच फोटो काढायला जातो. किंवा नुकताच या व्यवसायात उतरलेला फोटोग्राफर बाळाला खरोखर तसे बसवू पाहतो. नवजात बाळांचे फोटो काढायला डॉक्टर किंवा परिचारिकेसारखा वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे शिकलेला आणि न शिकलेला यांत फरक दाखवणारी खूण कुठे तरी हवीच. ‘हा फोटो दोन फोटो जोडून बनवला आहे, बाळाला पूर्ण वेळ हाताचा आधार होता, घरी करून पाहू नये’ ही ओळ ती खूण होऊ शकते. जो स्टुडिओ ती लिहितो त्याला निदान काम कसे होते हे ठाऊक आहे. गुपित फुटले म्हणून फोटोची शोभा कमी होत नाही.

बाळ एखाद्या पोझमध्ये ठीक आहे की नाही, हे ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत आणि सोबत बसलेल्या आजीलाही त्या पाहता येतात. पहिली खूण श्वासाची. बाळाची हनुवटी छातीला टेकली की त्याची अरुंद श्वासनलिका दबू शकते, आणि बाळ त्यावर आवाज न करताही गुदमरू शकते. म्हणून मुटकुळे करून झोपवताना हनुवटी आणि छाती यांत बोटभर अंतर राहायला हवे आणि नाक कापडापासून मोकळे दिसायला हवे. श्वास घुरघुरू लागला, नाकपुड्या फुलू लागल्या किंवा फासळ्यांखाली खळगा पडू लागला तर फोटो थांबवून बाळाला उचलावे. दुसरी खूण रंगाची. पाय अंगाखाली दुमडल्यावर पाऊल जांभळट-लाल दिसू लागले तर रक्तप्रवाह अडतो आहे. पोझ सोडवली की रंग परत येतो. नवजात बाळाचे तळहात-तळपाय गारव्याने किंचित निळसर दिसू शकतात, पण ओठ किंवा जीभ निळसर दिसणे ही गोष्ट वेगळी. तिथे शूट संपते आणि दवाखाना सुरू होतो.

तिसरी गोष्ट दचकण्याची. गाढ झोपेतही नवजात बाळ एकदम हात फाकवून दचकते. ती त्याची जन्मजात प्रतिक्रिया असते. तेवढ्या झटक्याने ते बीनबॅगच्या कडेवरून घरंगळू शकते किंवा टोपली कलंडू शकते. म्हणून बाळापासून हातभर अंतरावर एक माणूस फक्त बाळावर लक्ष ठेवून बसलेला हवा, आणि तो कॅमेरा धरणारा नको. आई-बाबांपैकी एकालाही हे काम देता येते. फोटोत त्याचा हात आला तर नंतर पुसता येतो. टोपलीच्या तळाशी वाळूची पिशवी ठेवून ती जड करतात. काचेची बरणी, तराजूचे पारडे, उंच स्टूल असल्या वस्तूंवर बाळ ठेवूच नये. आपल्याकडच्या थीममध्ये सूप, फुलांच्या पाकळ्या, धान्याची रास, मण्यांच्या माळा यांची आवड आहे. पाकळी किंवा दाणा नाकाशी जाऊ शकतो आणि माळेचा दोरा मानेभोवती गुंतू शकतो. हे सारे बाळापासून वीतभर दूर मांडूनही फोटो तसाच दिसतो.

खोलीच्या तापमानाबद्दल कॅप्शनमध्ये आकडा द्यावा. उघड्या अंगाच्या बाळासाठी साधारण २६ ते २८ अंश सेल्सिअस ठेवतात. एवढ्या उबेत फोटोग्राफरला घाम येतो आणि तो यायलाच हवा. पुण्यातल्या जानेवारीत त्यासाठी हीटर लागतो, मुंबईच्या मे महिन्यात एसी बंद करूनही खोली जास्त तापते. हीटरचा गरम झोत थेट बाळावर सोडणे चूक आहे, त्याने त्वचा भाजू शकते. खोली आधी तापवावी. बाळाखाली गरम पॅड ठेवायचा असेल तर तो आधी ठेवून, बाळ ठेवण्यापूर्वी बंद करून काढून घ्यावा. बाळाची छाती किंवा मानेची मागची बाजू ओलसर लागली, अंग लाल दिसू लागले, तर उष्णता जास्त झाली आहे. झोप लागावी म्हणून ‘शूऽऽ’ असा एकसुरी आवाज लावतात, तो मोबाइल बाळाच्या कानाशी न ठेवता दोन मीटर लांब आणि हळू ठेवावा.

स्वच्छतेबद्दल कॅप्शनमध्ये सर्वांत जास्त मोठे शब्द आणि सर्वांत कमी माहिती असते. ‘शंभर टक्के निर्जंतुक’, ‘हॉस्पिटलसारखी स्वच्छता’ असे दावे तपासता येत नाहीत आणि खरेही नसतात. कापडाच्या टोपल्या आणि लोकरीच्या टोप्यांनी भरलेली खोली शस्त्रक्रियागृहासारखी निर्जंतुक होऊ शकत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो आणि इन्स्टाग्रामवरची पोस्ट हीही जाहिरातच असते. पण कायद्यापेक्षाही साधी गोष्ट ही की वाचकाला अशा दाव्यातून काहीच कळत नाही. ‘प्रत्येक बाळानंतर प्रत्येक कापड धुतले जाते’ यातून कळते, कारण आल्यावर ते विचारता येते, कपाट पाहता येते.

स्वच्छता इतकी महत्त्वाची का, याचे एक ठोस कारण लसीकरणाच्या तक्त्यात आहे. भारतात जन्मल्यावर बाळाला बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि कावीळ-बीची लस मिळते. डांग्या खोकल्यापासून संरक्षण देणारी पेंटाव्हॅलंट लस मात्र सहाव्या आठवड्यात सुरू होते. म्हणजे फोटोशूटच्या वयात बाळाला या आजाराविरुद्ध स्वतःच्या लसीचे संरक्षण नसते, आणि मोठ्या माणसाला तो बऱ्याचदा नुसता रेंगाळणारा खोकला वाटतो. तीच गोष्ट ओठावरच्या तापाच्या फोडाची: मोठ्यांना क्षुल्लक वाटणारा हा नागिणीच्या जातीचा विषाणू नवजात बाळाला जिवावरचा ठरू शकतो. त्यामुळे ‘सर्दी, खोकला, ताप किंवा ओठावर फोड असलेली व्यक्ती बाळाजवळ काम करत नाही, बाळाची पापी घेतली जात नाही’ हे वाक्य चकचकीत फरशीच्या फोटोपेक्षा मोलाचे आहे. हाच नियम सोबत येणाऱ्या मावशी-काकूंनाही लागू आहे आणि कॅप्शनमध्येच तो सांगितला तर दारात कुणाला वाईट वाटत नाही. माणसे जितकी कमी तितके बरे. आई-बाबा आणि एक मदतीचे माणूस पुरते.

बाकीच्या सवयी साध्या आहेत. बाळाला हात लावण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून साबणाने हात धुणे आणि लंगोट बदलल्यावर पुन्हा धुणे. सुती कापडे गरम पाण्यात, बिनवासाच्या साबणाने धुऊन पूर्ण सुकवणे. लोकरीची आणि जाळीची दुपटी गरम पाण्यात टिकत नाहीत, म्हणून ती थेट अंगाला न लावता आतून सुती थर घालणे. बीनबॅगवर पाणी न शोषणारे अस्तर आणि त्यावर दर बाळाला वेगळी चादर. नाळेचा तुकडा अजून पडला नसेल तर त्यावर पट्टा किंवा लंगोट घट्ट न बांधणे. आपल्याकडे त्यात दोन गोष्टींची भर घालावी लागते: स्टुडिओत धूप-उदबत्ती नको, आणि बाळाच्या अंगावर हळद, कुंकू, रंग किंवा अत्तर नको. तीट काजळाऐवजी फोटोवर नंतर लावता येते. बाळ रडले म्हणून मध चाटवणे तर कधीच नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

बुकिंग बाळाच्या जन्मानंतर सुरू केले तर बहुधा उशीर होतो. रीत अशी की सातव्या-आठव्या महिन्यात स्टुडिओला डॉक्टरांनी दिलेली अंदाजे तारीख कळवायची. स्टुडिओ त्या तारखेच्या आसपासचा एक पंधरवडा तुमच्या नावे राखतो, पक्का दिवस देत नाही, कारण नेमक्या त्याच तारखेला जन्मणारी बाळे थोडी. यासाठी थोडी आगाऊ रक्कम घेतात. बाळ झाल्यावर दोन-तीन दिवसांत कळवायचे, मग पक्का दिवस ठरतो. सिझेरियन झाले असेल तर आईला दवाखान्यातून सुटी मिळण्याचे दिवस त्यात धरावे लागतात. दिवस ठरताना स्टुडिओने प्रश्न विचारायला हवेत: बाळ कितव्या आठवड्यात जन्मले, वजन किती, काविळीसाठी निळ्या प्रकाशात ठेवले होते का, दूध नीट पिते का, कुठल्या तज्ज्ञाकडे पुढची तपासणी आहे का. हे प्रश्न न विचारणारा स्टुडिओ एकच साचा सर्व बाळांना लावतो, असे खुशाल समजावे. शूटच्या आदल्या दिवशी ताप, दूध न पिणे किंवा वाढलेला पिवळेपणा दिसला तर फोटोग्राफरच्या आधी डॉक्टरला फोन करायचा. या वयात ३८ अंश सेल्सिअस ताप ही तातडीची बाब असते.

फोटो काढून झाल्यावरचा एक मुद्दा कॅप्शनमध्ये हमखास सुटतो: हे फोटो कुणाचे? भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढून घेणारा असतो, जर वेगळा करार केलेला नसेल तर. म्हणजे बाळाचा फोटो स्टुडिओला आपल्या पानावर टाकायचा असेल तर पालकांची परवानगी घ्यावी लागते, आणि ती फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत घेणे योग्य नाही. टप्प्याटप्प्याने लागू होत असलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. नकार दिला म्हणून पॅकेज महाग होऊ नये. आणि परवानगी मिळाली तरी कॅप्शनमध्ये बाळाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि दवाखाना एकत्र लिहू नये.

हे सारे जमवले तर वरच्या उदाहरणातल्या स्टुडिओची कॅप्शन साधारण अशी होईल:

‘५ ते १४ दिवसांच्या बाळांचे फोटोशूट, पुणे. स्टुडिओत किंवा २० किलोमीटरच्या आत तुमच्या घरी. १२,००० रुपयांपासून, जीएसटी वेगळा.

तीन तास, तीन सेटअप, १२ संपादित फोटो, आई-बाबा आणि भावंडासह. फोटो तुम्ही निवडायचे. तीन आठवड्यांत मिळतील. घरी येण्याचा प्रवासखर्च १,००० रुपये. अल्बम वेगळा. बाळ भुकेले किंवा बेचैन असेल तर आम्ही थांबतो, त्या वेळेचे पैसे घेत नाही. सव्वा महिना पाळणाऱ्यांसाठी नंतरचे शूटही करतो, त्यातल्या पोझ वेगळ्या असतात.

वरचा फोटो दोन फोटो जोडून बनवला आहे. बाळाला पूर्ण वेळ हाताचा आधार होता. घरी करून पाहू नये.

खोली २६ ते २८ अंश. एक व्यक्ती फक्त बाळाजवळ. प्रत्येक बाळानंतर सर्व कापडे धुतलेली. सर्दी, खोकला, ताप किंवा ओठावर फोड असेल तर आम्हीही येत नाही आणि तुमच्या पाहुण्यांनीही येऊ नये.

सातव्या महिन्यात अंदाजे तारीख कळवा. २,००० रुपये आगाऊ. बाळ झाल्यावर तीन दिवसांत मेसेज करा, दिवस तेव्हा ठरेल. बाळ किंवा आई आजारी असेल तर तारीख विनाशुल्क बदलते. डॉक्टरांनी नको म्हटले तर आगाऊ रक्कम परत.

फोटो पालकांच्या लेखी परवानगीने.’

ही कॅप्शन दीडशे-दोनशे शब्दांची आहे, मर्यादेच्या आत सहज बसते. यात कौतुकाचे एकही विशेषण नाही, तरी वाचून झाल्यावर विचारायला फारसे काही उरत नाही. किमती उदाहरणाच्या आहेत. शहर, अनुभव आणि मदतनिसांची संख्या यांनुसार त्या बदलतील. पण त्या बदलल्या की जुन्या पोस्टच्या कॅप्शनमध्येही बदलायला हव्यात, कारण लोक सहा महिन्यांपूर्वीचा फोटो दाखवून तोच दर मागतात आणि त्यात त्यांची चूक नसते.

पालकांच्या बाजूने पाहिले तर आगाऊ रकमेची ओळ सगळ्यात आधी शोधावी. तारीख हुकली तर पैसे बुडतील या भीतीने तापलेल्या बाळाला घेऊन निघणारी घरे असतात. आजारपणात तारीख विनाशुल्क बदलेल असे जिथे लिहिलेले नाही, तिथे पैसे पाठवण्यापूर्वी ते विचारून मेसेजमध्ये लेखी घ्यावे. उत्तर देण्याची टाळाटाळ झाली तर दुसरा स्टुडिओ पाहावा.